सरासरीत मुरलेले ९६ तास : साखर कारखान्याच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि कार्यकारी संचालक,
आमचा सहकारी साखर कारखाना

सप्रेम नमस्कार.

पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, त्याला दीड महिना उलटून गेला. गव्हाण थंड आहे, बॉयलर धुऊन निघालेत आणि टाईम ऑफिसच्या भिंतीवर तुमची नोटीस लागली आहे. हंगामात झालेल्या कामाचे तास यापुढे तिमाहीच्या सरासरीवर मोजले जातील, आणि सरासरी आठवड्याला ४८ तासांच्या आत बसली तर जादा कामाचे पैसे द्यायचे नाहीत, असं त्या नोटिशीत आहे. जानेवारी ते मार्च या तिमाहीचा हिशोबही याच रीतीनं झाला आहे.

त्या टाईम ऑफिसात मी २९ वर्षं बसलो. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार या तिन्ही पाळ्यांची हजेरी माझ्या हातून मस्टरवर चढली. भोंगा झाला की कोण आत आला, कोणाच्या जागी येणारा रिलीव्हर आला नाही, कोणाला लागोपाठ दोन पाळ्यांची डबल लागली, हे मला चेहऱ्यांसकट आठवतं. आता माझा थोरला मुलगा तुमच्याकडे पॅनमन आहे, रसाचा पाक शिजवून साखरेचे दाणे पाडणारा. चिक्कोडीकडच्या आमच्या गावात घरटी एकतरी माणूस कारखान्यात नाहीतर कारखान्याला ऊस घालणारा. मी स्वतः सभासद आहे, माझा दीड एकर ऊस याच काट्यावर येतो. त्यामुळे कारखाना बुडावा असं मला वाटण्याचं काही कारण नाही. पण ही नोटीस वाचून मला गप्प बसवलं नाही. तुम्हाला बंद पाकिटातून दोन अर्ज दिले, उत्तर आलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी माझ्या मुलाचा हिशोब मांडतो. त्यावरून नोटिशीत काय दडलंय ते दिसेल.

जानेवारी ते मार्च म्हणजे १३ आठवडे. त्यातले पहिले आठ आठवडे गाळप जोरात होतं. या आठ आठवड्यांत त्याला एकही आठवडी सुट्टी मिळाली नाही, कारण पॅन स्टेशनला रिलीव्हर नव्हता. सात दिवस रोज आठ तास म्हणजे ५६. शिवाय एक आठवडा आड त्याला एक डबल लागली, म्हणजे त्या आठवड्यात ६४. चार आठवडे ५६चे आणि चार आठवडे ६४चे, मिळून ४८० तास. पट्टा पडल्यावर तीन आठवडे साफसफाई आणि दुरुस्तीचं काम झालं, नेहमीच्या ४८ तासांनी. ते १४४. मग शेवटचे दोन आठवडे त्यानं हक्काची रजा घेतली, कारण हंगामभर पोरांचं तोंड त्यानं उजेडात पाहिलं नव्हतं. त्या दोन आठवड्यांचे तास शून्य.

४८० आणि १४४ मिळून ६२४. भागिले १३. उत्तर बरोबर ४८.

तुमच्या कागदावर माझ्या मुलानं एक मिनिटही जादा काम केलेलं नाही. भागाकारात चूक नाही, मी तीनदा करून पाहिला. चूक भागाकाराच्या आधी झाली आहे.

हाच हिशोब आठवड्याआठवड्यानं केला तर ५६च्या आठवड्यात आठ तास जादा आणि ६४च्या आठवड्यात १६ तास जादा. चार वेळा आठ, चार वेळा सोळा, एकूण ९६ तास. हे तास मुरले कुठं? निम्मे नव्हे, सगळेच्या सगळे त्या दोन रजेच्या आठवड्यांत मुरले. दोन आठवड्यांच्या रजेचे तास ९६ होतात आणि त्याचं जादा कामही ९६ तास. रजा त्यानं वर्षभर काम करून कमावली होती. तुम्ही तिचे तास शून्य धरून ते हंगामातल्या घामावर वळते केले. म्हणजे रजा पगारी म्हणून दाखवली आणि तिची किंमत त्याच्याच जादा कामातून वसूल केली. उदाहरणादाखल तासाचा साधा दर ९० रुपये धरा. दुप्पट दरानं ९६ तासांचे १७,२८० रुपये होतात. पॅनमनच्या घरात ही रक्कम म्हणजे पोरांच्या शाळेचं वर्ष.

आता कायद्याचं बोलतो, आणि जेवढं लागतं तेवढंच.

१९४८च्या कारखाने कायद्यानं आठवडा ४८ तासांचा केला आणि 'आठवडा' म्हणजे काय हेही लिहून ठेवलं : शनिवारी मध्यरात्रीपासून पुढचे सात दिवस, किंवा मुख्य निरीक्षकांनी लेखी मान्य केलेल्या दुसऱ्या रात्रीपासूनचे सात दिवस. सातच. दिवसाला नऊ तासांवर किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम झालं तर दुप्पट दर, असं त्याचं कलम ५९ सांगत होतं. त्याच्या जागी कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या अटी यांची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तीत दिवस आठ तासांचा आहे आणि कलम २७ तर आणखी स्पष्ट आहे. जादा काम दिवसाच्या हिशोबानं मोजायचं किंवा आठवड्याच्या, यातलं जे कामगाराला जास्त फायद्याचं असेल ते धरायचं. जादा काम कामगाराच्या संमतीशिवाय लावायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. जुना कायदा घ्या नाहीतर नवा, जादा कामाचे पैसे ठरवताना तिमाहीची सरासरी कुठेच येत नाही.

मग 'तिमाही' हा शब्द तुम्हाला सापडला कुठं, तेही मला माहीत आहे. कारखाने कायद्यात तिमाही होती. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेपासून सुरू होणारे तीन महिने. पण ती जादा कामावरची वरची मर्यादा होती. आठवड्याआठवड्याला जे जादा तास झाले, ज्यांचे दुप्पट पैसे दिले, त्यांची तीन महिन्यांची बेरीज अमुक तासांवर जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. माणूस झिजून जाऊ नये म्हणून ती घातली. कर्नाटकानं २०२३ साली दुरुस्ती करून ती मर्यादा वाढवली आणि १२ तासांच्या दिवसाला वाट करून दिली, तरी तिथंही आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले आणि कामगाराची लेखी संमती मागितली. माझ्या मुलाकडून कुणी कसलाही कागद लिहून घेतलेला नाही. कामगाराच्या राखणीसाठी घातलेलं कुंपण तुम्ही उपटून त्याच्याच शेतात आडवं घातलं आहे.

कामगारांच्या बैठकीत कार्यकारी संचालक साहेब म्हणाले की सरासरी युरोपातही चालते, मग आपल्याकडं का नको. साहेब, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून मी त्याला उत्तर देतो.

सरासरीला माझा सरसकट विरोध नाही. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात पाळ्या फिरतात. एखाद्या आठवड्यात पाळी बदलताना ५६ भरतात, पुढच्यात ४० भरतात, हे मी २९ वर्षं पाहिलंय. हे ओळखूनच १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं पहिला करार केला, त्यात पाळीच्या कामाला सरासरीची मुभा दिली. पण किती आठवड्यांची? तीन, किंवा त्याहून कमी. तीन पाळ्यांची एक फेरी तीन आठवड्यांत पुरी होते, म्हणून तीन. फेरी संपली की हिशोब बंद. भारतानं तो करार १९२१ साली मान्य केला, तेव्हा आपल्यासाठी ४८ ऐवजी ६० तासांच्या आठवड्याची वेगळी तरतूद होती. १९२२च्या कायद्यात ६० आले, १९३४च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी ५४ झाले आणि १९४६ साली ४८ झाले. म्हणजे ६० वरून ४८ वर यायला आमच्या आजोबा-पणजोबांची २४ वर्षं गेली. माझ्या मुलाची यंदाची पहिल्या आठ आठवड्यांची सरासरी ६० आहे.

आता युरोपाचं. तिथं आठवड्याला सरासरी ४८ तास, जादा काम धरून, आणि सरासरी काढण्याचा काळ साधारणपणे जास्तीत जास्त चार महिने. ब्रिटनच्या १९९८च्या नियमांत तो १७ आठवडे आहे. पण त्यांच्याकडं या सरासरीबरोबर तीन गोष्टी येतात आणि तुमच्या नोटिशीत त्यांतली एकही नाही.

एक, रजेचे आणि आजारपणाचे दिवस सरासरीत शून्य म्हणून धरता येत नाहीत. ते एकतर वगळायचे, नाहीतर असे धरायचे की सरासरी हलता कामा नये. ब्रिटनमध्ये तर सोपी रीत आहे : रजेचे जितके दिवस वगळले, तितकेच कामाचे दिवस त्या काळाच्या लगेच पुढचे घ्यायचे आणि त्या दिवसांचे तास आत मिळवायचे. माझ्या मुलाला हीच रीत तुमच्या १३ आठवड्यांवर लावून पाहा. मार्चनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यानं ४८-४८ तास काम केलं, म्हणजे ९६. ६२४ मध्ये ९६ मिळवले की ७२०. भागिले १३ म्हणजे जवळपास ५५.४. ज्या युरोपाचा दाखला साहेबांनी दिला, त्याच्याच रीतीनं हा कामगार ४८च्या सात तास वर आहे.

दोन, सरासरी दिवसाला लागत नाही. दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती हा तिथला वेगळा नियम आहे. काही कामांत सवलत दिली तरी तेवढीच विश्रांती नंतर द्यावी लागते. आमच्याकडं डबल दुपारी बाराला सुरू होते आणि पहाटे चारला सुटते. त्याच दिवशी दुपारी बाराला पुन्हा पाळी. मधे आठ तास. त्यात घरी जाणं, अंघोळ, जेवण, झोप आणि परत येणं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अशीच डबल करून माझा मुलगा पहाटे मोटारसायकलवरून निघाला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं लाल पट्टी नाही, दिवा नाही. त्याला डुलकी लागली. पाय मोडला, तीन महिने घरात होता. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच. पण त्याच्या आधीच्या सोळा तासांची नोंद मी हातानं उतरवून ठेवली आहे. त्या आठवड्याची सरासरी काढून तो अपघात टळला नसता.

तीन, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. तुम्ही तिमाही कॅलेंडरला खिळवून ठेवली आहे. ३१ डिसेंबरला एक पान मिटतं, १ जानेवारीला दुसरं उघडतं. साखर कारखान्याचा हंगाम मात्र कॅलेंडर पाहून चालत नाही. तो नोव्हेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत जातो, म्हणजे बरोबर दोन तिमाह्यांच्या शिवणीवर बसतो.

शेजारच्या गल्लीतला एक हंगामी कामगार आहे, सेंट्रिफ्यूगलवर. ऑक्टोबरचे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीचे मिळून पाच आठवडे तो घरी होता, कारखाना सुरू नव्हता. मग मोळी टाकली आणि डिसेंबरअखेरपर्यंत आठ आठवडे त्यानं सरासरी ६० तासांनी काम केलं. ऑक्टोबर-डिसेंबरच्या १३ आठवड्यांत ४८० तास, सरासरी ३६.९. मग जानेवारीपासून पट्टा पडेपर्यंत पुन्हा आठ आठवडे ६० तासांनी, आणि त्यानंतर त्याला घरी पाठवलं. जानेवारी-मार्चच्या १३ आठवड्यांत पुन्हा ४८०, सरासरी पुन्हा ३६.९.

त्यानं सलग १६ आठवडे ६० तासांनी काम केलं. जवळजवळ चार महिने. आणि तुमच्या दोन्ही पानांवर तो आठवड्याला ३७ तास काम करणारा निवांत माणूस दिसतो. मोळी टाकल्यापासून पट्टा पडेपर्यंतचे कुठलेही सलग १३ आठवडे उचला, सरासरी ६० येते. शिवणीवर कात्री ठेवली की ती अर्धी अर्धी होऊन दोन्हीकडच्या रिकाम्या आठवड्यांत विरघळते.

हा प्रश्न युरोपातही आला होता. फ्रान्समधल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटनेनं तो न्यायालयात नेला, कारण तिथं वर्षाचे ठरलेले दोन सहामाही तुकडे पाडून सरासरी काढत होते. युरोपियन युनियनच्या न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की ठरलेला काळ चालेल, पण एका तुकड्यात अर्धा आणि दुसऱ्यात अर्धा येणाऱ्या कुठल्याही सहा महिन्यांतसुद्धा सरासरी ४८च्या आत राहील, अशी व्यवस्था हवीच. म्हणजे शिवणीवरही मोजा. आपल्या भाषेत याला सरकती सरासरी म्हणू. ती काढायला अवघड नाही. दर शनिवारी नवा आठवडा बेरजेत घ्यायचा आणि सगळ्यांत जुना आठवडा वजा करायचा. माझ्या मुलीनं दहावीच्या सुट्टीत मला एका दुपारी तक्ता आखून दिला, आणि त्या तक्त्यात हंगामातल्या प्रत्येक कामगाराचा फुगवटा लपत नाही.

शिवाय त्या हंगामी पोराच्या घरी बसलेल्या आठवड्यांनी भागायचंच कशाला? ज्या आठवड्यात तुम्ही त्याला कामावरच बोलावलं नाही, तो आठवडा त्याच्या विश्रांतीचा नव्हता, तो त्याच्या बेकारीचा होता. त्या पाच आठवड्यांत तो दुसऱ्याच्या शेतात पाला काढायला जात होता. ब्रिटनमध्ये नवा माणूस लागला तर त्याची सरासरी तो लागल्यापासूनच्या आठवड्यांवर काढतात. आठ आठवडे काम, भागिले आठ.

आठवडी सुट्टीचं थोडक्यात. जुन्या कायद्यात कलम ५२ होतं : सुट्टीचा वार मागंपुढं करता यायचा, पण पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांच्या वर काम लावता येत नव्हतं. चोवीस तास चालणाऱ्या कामाला यातून सूट मिळू शकते, मला मान्य. पण सूट घेतली तरी जुन्या कलम ५३प्रमाणे आणि आता नव्या संहितेप्रमाणेही गेलेल्या सुट्टीइतक्या बदली सुट्ट्या त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्याव्या लागतात. माझ्या मुलाच्या आठ सुट्ट्या गेल्या. बदली एकही नाही. त्याला सांगितलं गेलं की सरासरीत सगळं आलं.

एक गोष्ट मी कबूल करतो, कारण ती न सांगता हे पत्र लिहिणं मला जमणार नाही. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी मला वरून सांगितलं गेलं की डबलचे आठ तास त्या दिवशी न लिहिता दुसऱ्या आठवड्यातल्या कमी हजेरीच्या दिवशी चढव. मी चढवले. एक हंगामभर चढवले. ज्यांचे तास मी हलवले त्यांतला एक मिलवाला गेल्या वर्षी वारला. त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं मला चहा दिला, आणि तो माझ्या घशाखाली उतरला नाही. मी पेनानं जे केलं, तेच ही नोटीस भागाकारानं करते. फरक एवढाच की माझं कृत्य पकडता आलं असतं.

आता मुळाकडं येतो. तुम्हाला सरासरीची गरज पडली, कारण माणसं कमी आहेत. आठवड्याचे तास १६८. एका जागेवर तीनच माणसं ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५६ तास येणारच, कुणी कितीही जोडाजोड करो. आठवडा ४८चा ठेवायचा तर १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन माणसं लागतात. अर्धा माणूस कसा ठेवायचा? दोन जागांमागं एक रिलीव्हर. एका जागेवरच्या तिघांना आठवड्यातून एकेक सुट्टी, म्हणजे तीन पाळ्या रिकाम्या. दोन जागांच्या मिळून सहा. रिलीव्हर सहा दिवस त्या सहा पाळ्या भरतो आणि सातव्या दिवशी स्वतः सुट्टी घेतो. हे गणित पॅन स्टेशनलाही लागतं आणि बॉयलरलाही. माझ्या काळात पॅन स्टेशनला दोन रिलीव्हर होते. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्यांच्या वाटचं काम आता इतरांच्या सुट्टीतून आणि डबलमधून निघतं आणि पैसे वाचल्याचं ताळेबंदात दिसतं. वाचले कुणाचे, हे वरच्या ९६ तासांत आहे.

नोटिशीच्या भाषेबद्दलही बोललं पाहिजे. ती कन्नडमध्ये आणि इंग्रजीत आहे. मला कन्नड वाचता येतं, माझे निम्मे मित्र कन्नड बोलणारे आहेत आणि त्यांचेही तास याच सरासरीत गेले आहेत, त्यामुळे यात कुणी भाषेचा वाद शोधू नये. पण जुन्या कारखाने कायद्याचं कलम १०८ सांगत होतं की त्या कायद्यानं लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या. आमच्या कारखान्यात निपाणी, चिक्कोडीकडून येणारे मराठी कामगार किती आहेत, हे हजेरीपटावरची नावं मोजली तर कळेल. सहीसाठी पुढं आलेल्या कागदावर आपण काय सोडून देतोय हे माणसाला त्याच्या भाषेत कळायला हवं. माझ्या मुलानं नोटीस मला फोटो काढून पाठवली आणि विचारलं, "आबा, ह्यात माझं काय गेलं?" दोन दिवस लागले मला सांगायला.

आणि ही नोटीस लागली पट्टा पडल्यावर, हिशोब लागला मागच्या तिमाहीला. पगार किंवा कामाचे तास यात बदल करायचा तर कामगारांना २१ दिवस आधी कळवायचं, हा नियम १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होता आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. झालेल्या कामाचे नियम काम झाल्यावर बदलता येत नाहीत. उसाचा दर काटा झाल्यावर खाली आणला तर तुम्ही संचालक म्हणून नव्हे, शेतकरी म्हणून पहिले रस्त्यावर याल. कामगारांच्या तासांनाही तीच नजर लावा.

माझं मागणं साधं आहे.

ही नोटीस मागं घ्या आणि गेल्या दोन्ही तिमाह्यांचं जादा काम आठवड्याच्या हिशोबानं पुन्हा काढून दुप्पट दरानं द्या. बुडालेल्या आठवडी सुट्ट्यांच्या बदली सुट्ट्या मुदतीत द्या. जून-जुलैत पुढच्या हंगामाची भरती ठरवाल तेव्हा रिलीव्हरच्या जागा साडेतीनच्या हिशोबानं भरा, आणि पहिल्यांदा पॅन, सेंट्रिफ्यूगल व बॉयलर इथं भरा, कारण तिथं झोपेतला माणूस स्वतःसकट इतरांना घेऊन जातो.

पाळ्यांच्या आखणीसाठी तुम्हाला सरासरी वापरायचीच असेल तर वापरा, पण ती तीन आठवड्यांच्या वर नको, ती सरकती हवी, तीत रजा, आजारपण आणि न बोलावलेले आठवडे वगळलेले हवेत, आणि तिच्या नावाखाली दिवसाची मर्यादा, सुट्टी किंवा जादा कामाचा पैसा कापला जाऊ नये. सरासरीच्या प्रत्येक तक्त्यावर तिच्याशेजारी त्या काळातला सर्वांत जड आठवडा आणि सर्वांत लांब दिवस छापा. ६०ची सरासरी छापताना ६४चा आठवडा आणि १६ तासांचा दिवस कागदावर यायलाच हवा.

दर पगाराच्या चिठ्ठीवर आठवडावार तास द्या आणि नोटीस कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही लावा.

कामगार बंधूंना एकच विनंती. आपापली वही ठेवा. आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ रोज लिहा, रविवार ते शनिवार बेरीज मारा, सुट्टी असेल तिथं 'सुट्टी' आणि रजा असेल तिथं 'रजा' लिहा, नुसतं शून्य लिहू नका. वादाच्या वेळी पहिला प्रश्न त्या शून्याचाच निघतो.

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता मी टाईम ऑफिसपाशी येतो आहे. माझ्याजवळ माझ्या मुलाची आणि आणखी अकरा कामगारांची आठवडावार वही आहे, त्यांच्या परवानगीनं. तुमचं मस्टर तुम्ही काढा, माझी वही मी उघडतो. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवू आणि आठवडा-आठवडा ताडून पाहू. साधारण दोन तासांचं काम आहे.

आपला,
एक निवृत्त टाईमकीपर आणि सभासद
चिक्कोडी तालुका, जि. बेळगाव